नान-खलिया इमोजीत कसा लिहाल?

खुलताबादच्या उरुसाला जायचा प्लॅन ठरतोय. आता ग्रुपवर ‘नान-खलिया खायचाय’ हे फक्त इमोजीत सांगून बघा बरं!

पहिलं बोट जातं 🍛 वर. पण तो आपला रस्साभात नाही, जपानी ‘करी राइस’ आहे. इमोजी जपानी मोबाइलमधून जगभर गेले, त्यांच्यासोबत ही थाळीही आली. तिच्यात भात दिसतो, नान नाही.

नानसाठी 🫓 घ्या. २०२० मध्ये आलेली ही चपटी रोटी नान, पिटा अशा सगळ्यांचंच काम करते. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, त्याला 🍲. पण नुसतं 🫓🍲 पाहून शाकाहारी मैत्रीण डाळ समजून निघेल! म्हणून शेवटी 🍖 हवंच: 🫓🍲🍖. आता गैरसमजाला जागा नाही.

कपड्यांत आपलं नशीब जरा बरं. साडी 🥻 २०१९ मध्येच आली. पैठणी मात्र नाही. मग पदरावरचा मोर कामाला येतो: 🥻🦚. साडी आधी ठेवा, म्हणजे मोर तिच्यावरचा आहे हे कळतं. उलट केलंत तर आधी मोर बघायला जायचं वाटेल. ही दोन चित्रं फोन जोडून एक करत नाही. ते काम वाचणाऱ्याच्या डोक्यात होतं.

एक अडचण उरते. जुन्या फोनवर 🫓 च्या जागी नुसता चौकोन दिसतो. तुमची जोडी कुणाला कळली नाही, तर सरळ ‘नान-खलिया’ लिहा. नाहीतर उपाशी राहाल!