सकाळी आठला आलेलं ‘गुड नाइट’

जुलैतल्या एका सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी माझ्या फोनवर एक चित्र आलं. निळं आकाश, चंद्रकोर, दोन मिटलेली कमळं आणि खाली चमचमत्या अक्षरांत ‘गुड नाइट’. नंबर अनोळखी होता, सुरुवातीला +1. त्या नंबरवरून यापूर्वी एक अक्षरही आलेलं नव्हतं. मी चहा गाळता गाळता उत्तर पाठवून दिलं, ‘गुड मॉर्निंग!’ आणि पुढे एक हसरा चेहरा.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘चुकून पाठवलं गं. वेळ बघितली नाही. सॉरी. गणिताच्या बाई.’

मला आठवी ते दहावी गणित शिकवणाऱ्या बाई. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेल्या होत्या, तिथं नवं सिमकार्ड घेतलं होतं, आणि आमच्या दहावीच्या ग्रुपमधून माझा नंबर शोधून मला पहिला निरोप पाठवला होता. जुलैत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे त्यांच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्यांचं ‘गुड नाइट’ अगदी वेळेवर होतं. वेळ मी बघितली नव्हती आणि माफी त्यांनी मागितली. त्यानंतर अकरा दिवस त्यांचा एकही निरोप आला नाही.

माझ्या उत्तरात नेमकं काय बिघडलं, याचा मी नंतर बराच विचार केला. शब्द वाईट नव्हते, पण रात्रीच्या अभिवादनाला सकाळचं अभिवादन पाठवलं की ते उत्तर राहत नाही, दुरुस्ती होते. ‘अहो, आत्ता सकाळ आहे’ असं न म्हणता म्हटल्यासारखं होतं. हसऱ्या चेहऱ्यानं ते मऊ होत नाही, उलट समोरच्याला आपलं हसू झालं असं वाटतं. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईंना ती दुरुस्ती लगेच कळली.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी यातली एक गोष्ट फार नीट मांडून ठेवली आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी संभाषण कसं संपतं यावर 1973 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की बोलण्यातली काही वाक्यं जोडीनंच येतात. एकानं नमस्कार म्हटला की दुसऱ्याचा नमस्कार यायलाच हवा. तो आला नाही तर त्या जागी एक पोकळी जाणवते. निरोपाचंही तसंच. पण निरोपाची जोडी अचानक येत नाही. आधी ‘चला, उशीर झाला’, ‘बरं मग’ असं काहीतरी होतं, दोघंही उठायच्या बेतात येतात, आणि मग ‘येतो’ला ‘या’ मिळतं.

इंग्रजीत ‘गुड नाइट’ हे निरोपाच्या जोडीतलं आहे. रात्री आठला कुणाच्या घरी पोचल्यावर इंग्रज माणूस ‘गुड ईव्हनिंग’ म्हणतो. ‘गुड नाइट’ तो निघताना म्हणतो. पोर्तुगीजमध्ये असं नाही. तिथलं ‘बोआ नोइत’ अंधार पडल्यावर भेटतानाही म्हणतात आणि निघतानाही. आपल्या ‘राम राम’, ‘नमस्कार’, ‘जय भीम’, ‘रामकृष्ण हरी’ यांना तर घड्याळच नाही. ते पहाटे चालतात, मध्यरात्री चालतात, भेटताना चालतात आणि निघतानाही चालतात. वेळेला बांधलेली अभिवादनं मराठीत उशिरा आली, मुख्यतः इंग्रजीच्या मागोमाग. ‘शुभ प्रभात’ आणि ‘शुभ रात्री’ हे शब्द संस्कृत दिसले तरी माझ्या आजीच्या तोंडी ते मी कधी ऐकले नाहीत. म्हणून आपल्याकडची वडीलधारी माणसं ‘गुड नाइट’ पाठवतात तेव्हा त्यात बहुतेकदा ‘राम राम’च असतो. ‘मी आहे, तू आहेस ना?’ एवढंच त्यांना विचारायचं असतं. मराठी टाइप करायला त्रास होतो, तयार चित्र मात्र एका बोटानं पुढे जातं, आणि दिवसाची कामं आवरून फोन हातात येतो तो झोपायच्या आधी. पहिला निरोप ‘गुड नाइट’ असण्याचं कारण इतकं साधं असू शकतं.

उत्तर देताना अडचण इथंच येते. ‘गुड नाइट’ला नुसतं ‘गुड नाइट’ म्हटलं तर जोडी पुरी होते, पण ती निरोपाची जोडी असल्यामुळे दार उघडलं न उघडलं तोच लागतं. ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तर दुरुस्ती होते. काहीच म्हटलं नाही तर पोकळी राहते. मला आता जमतं ते असं: आधी त्यांचंच अभिवादन त्यांच्या वेळेनं परत करायचं, मग एका ओळीत आपली वेळ सांगायची, आणि शेवटी असा प्रश्न ठेवायचा, की ज्याचं उत्तर उद्या दिलं तरी चालेल. बाईंना त्या सकाळी मी लिहायला हवं होतं ते असं:

‘शुभ रात्री. इथं आत्ता सकाळचे आठ झालेत, चहा चालू आहे. तुमचा नंबर माझ्याकडे नाही. आपण कोण, ते उद्या सवडीनं कळवा.’

यातलं प्रत्येक वाक्य एकेक काम करतं. पहिल्यानं त्यांची रात्र मान्य होते. दुसऱ्यानं दोन घड्याळांतला फरक कुणाचीही चूक न काढता समोर येतो. चहाचा उल्लेख आहे म्हणून ती तक्रार वाटत नाही. शेवटच्यातल्या ‘सवडीनं’ या शब्दामुळे त्यांना झोप सोडून टाइप करत बसावं लागत नाही. आणि तरी दार उघडं राहतं.

मी माझं नाव किंवा गाव त्यात घातलेलं नाही, हेही मुद्दाम. अनोळखी नंबरवरून आलेलं अभिवादन हे फसवणुकीचंही एक रुळलेलं पहिलं पाऊल आहे. ‘चुकीचा नंबर लागला वाटतं’ म्हणून माफी मागायची, तरी गप्पा चालू ठेवायच्या, कित्येक दिवस नेमानं सकाळ-रात्रीच्या शुभेच्छा पाठवायच्या आणि ओळख पक्की झाली की गुंतवणुकीचा विषय काढायचा, अशी त्यांची पद्धत असते. खरा ओळखीचा माणूस आणि हा माणूस यांतला फरक ‘आपण कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरात दिसतो. ओळखीचा माणूस तुमच्या दोघांमधलंच काहीतरी सांगतो: शाळा, गल्ली, लग्न, गणित. दुसरा तुमच्याकडूनच नाव काढून घेऊ पाहतो, ‘तुम्ही अमुक ना?’ म्हणतो आणि ‘नाही’ म्हटलं तरी जात नाही.

उत्तर लिहिण्याआधी व्हॉट्सॲपमध्ये त्या नंबरवर बोट ठेवून माहिती उघडावी. तुमचा-त्याचा एखादा ग्रुप एकच असेल तर तो तिथं दिसतो. मी हे केलं असतं तर ‘दहावी ब’ तिथंच दिसलं असतं. काहीच धागा नसेल तर दुसऱ्या निरोपाची वाट बघणं माझ्या मते उद्धटपणा नाही. संशय आलाच तर नंबर ब्लॉक करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सोयीत कळवता येतं, आणि पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करायचा.

नंबरच्या आकड्यांवरून वेळ काढताना मात्र सांभाळावं. +1 म्हणजे बहुधा अमेरिका किंवा कॅनडा, पण तिथं पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांत तीन तासांचं अंतर आहे. उलट, मेलबर्नला जाऊन दहा वर्षं झालेला माणूस व्हॉट्सॲपवर अजून जुन्या +91 नंबरनंच असू शकतो. त्याचं दुपार उतरतानाचं ‘गुड नाइट’ विचित्र वाटतं, ते त्याचा देश आकड्यांत दिसत नाही म्हणून. कधी कधी तर पाठवणारा शेजारच्याच तालुक्यात असतो. रात्री साडेदहाला रेंज नसलेल्या वाडीत त्यानं ‘गुड नाइट’ लिहिलेलं असतं, निरोपापुढे घड्याळाचं छोटं चिन्ह येऊन तो फोनमध्येच अडकतो, आणि पहाटे एसटी घाट चढून वर आली की सुटतो. अशा निरोपाला ‘मिळालं हं, सुप्रभात’ एवढं पुरतं, कारण त्याचीही आता सकाळच आहे.

एक प्रसंग मी वेगळा ठेवते. आपल्याच शहरातल्या, वर्षानुवर्षं न बोललेल्या माणसाचा पहिला निरोप रात्री अडीच-तीनला येतो आणि त्यात फक्त ‘गुड नाइट’ असतं. तिथं घड्याळाचा फरक नाही. ‘अजून जागा?’ असं लिहू नये, तो जागा आहे हे त्याला ठाऊक आहे. आपण जागे असलो तर ‘बरं वाटलं तुझा मेसेज बघून. मी जागीच आहे, बोलायचं असेल तर फोन कर,’ असं लिहावं. झोपलेलो असलो तर सकाळी लिहीत बसू नये, फोनच करावा. त्या वेळी पाठवलेला तो शब्द बहुधा निरोप नसतो.

बाईंच्या बाबतीत मला दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली. बाराव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी दहाला, मी लिहिलं: ‘बाई, त्या दिवशी तुमच्याकडे रात्र होती हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुमचं गुड नाइट बरोबर होतं, चुकलं माझं. बाळ रात्री झोपू देतं का?’ सकाळची वेळ मुद्दाम निवडली, कारण बाळाची आंघोळ तोवर झालेली असणार असा माझा अंदाज होता. उत्तर टाइप केलेलं आलं नाही. साडेचार मिनिटांचा आवाजी निरोप आला. त्यात बाळ, बर्फासारखा गार एसी, तिथं न मिळणारी अंबाडी, आणि शेवटी, ‘साडेनऊ तासांची वजाबाकी तुला मी शिकवलीय, तरी चुकलीस!’

तेव्हापासून रोज सकाळी आठच्या सुमारास चंद्रकोर येते. मी ‘शुभ रात्री, बाई’ लिहिते आणि त्या दिवशीचं काहीतरी एका ओळीत कळवते: पाऊस, भाजीचा भाव, माझ्या मुलाचे गणितातले गुण. त्या ते उठल्यावर वाचतात.

नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारी आठ वाजून गेले, सव्वाआठ झाले, चित्र नाही. साडेआठला मी फोन हातात घेऊन बसले. लावावा का? तिथं अकरा वाजलेले असतील, बाळ झोपलं असेल. मग एकदम आठवलं, आदल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे गेलीत. आता अंतर साडेदहा तासांचं. तिथं अजून दहाच वाजले होते. नऊ वाजून तीन मिनिटांनी चंद्रकोर आली, कमळांसकट.