तीन साठची गाडी

सकाळी सात

जुनी गाडी बघायची तर ती थंड असताना. मालकाला आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं, "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका." सांगलीत लोकांना जुन्या गाड्या बघून देण्याचं काम मी करतो. आजची गाडी विश्रामबागेतली. २०१७ ची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, पासिंग एमएच-१०, पहिलाच मालक, ६१ हजार किलोमीटर. मागणी तीन लाख साठ हजारांची. घेणाऱ्या ताई पलूसच्या. सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स आहेत आणि रात्रपाळीनंतर एसटीची वाट बघत उभं राहायचा त्यांना कंटाळा आलाय. त्यांनी मला एकच आकडा सांगितला होता. हातात सगळे मिळून चार लाख आहेत, कर्ज काढायचं नाही. म्हणजे वर्षभरात गाडीवर जे काही जाईल ते या चार लाखांतच बसलं पाहिजे.

बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. ऑइलची कांडी काढून बघितली, मग किल्ली फिरवली. पहिल्या दमात चालू झाली, मागून निळा धूर नाही, खडखड नाही. इंजिन चांगलं होतं. ते चांगलं निघालं की घेणारा निम्मा हुरळून जातो, म्हणून बाकीची तपासणी इथून पुढे जास्त सावकाश करावी लागते.

आठ

सांगलीत मी गाडीला पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी ५५ फुटांच्या आसपास आलं. गावभाग, खणभाग, मारुती चौक, शामरावनगर या भागांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या दोन-दोन, तीन-तीन दिवस पाण्यात राहिल्या. त्यांतल्या काही विम्यात गेल्या, काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. अशी गाडी पहिलं वर्ष नीट चालते. मग वायरिंगच्या जोडांना हिरवट गंज चढायला लागतो. आज काच खाली होत नाही, उद्या एअरबॅगचा दिवा लागून राहतो. हा खर्च कुणालाच आधी मांडता येत नाही. म्हणून पाण्यातली गाडी मी किंमत पाडून घ्या असंही सांगत नाही, ती सोडूनच द्या म्हणतो.

मालक म्हणाले, पूर आला तेव्हा गाडी इथंच होती आणि इथं पाणी आलं नाही. खरं असेल, पण गाडीलाही विचारायचं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. धुणारा माणूस बेल्टचा पुढचा भाग धुतो, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची पिवळट-करडी रेघ तशीच राहते. इथं पट्टा टोकापर्यंत एकाच रंगाचा होता. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स आणि स्टेपनीखालचा खळगा टॉर्च लावून बघितला. गंज नाही, बारीक मातीही नाही.

डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर खालचा नमदा ओला लागला. ताईंचा चेहराच उतरला. पण बोटाला लागलं ते स्वच्छ पाणी. वास नाही, माती नाही आणि ओल त्या एकाच कोपऱ्यात. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते पाणी आत याच जागी उतरतं. पुराचं पाणी असतं तर चारही बाजूंना खूण राहिली असती. नळी साफ करणं हे सर्व्हिसिंगमधलं काम.

सव्वानऊ

सांगली सपाट आहे, त्यामुळे क्लच तपासायला चढ शोधावा लागतो. मी मिरजेच्या अलीकडचा कृपामयीचा रेल्वे पूल वापरतो. चढावर गाडी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज वाढला, काटा वर गेला, गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढला नाही. म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. पेडलही फार वर येऊन पकडत होतं. अजून चार-सहा महिने ओढेल, पण वर्षाच्या आत बदलावी लागणार. गतिरोधकावर पुढून डाव्या बाजूने 'टक्' असा कोरडा आवाजही येत होता.

साडेदहा

शंभर फुटी रोडला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली. लोअर आर्मचे बुश फाटलेले आणि लिंक रॉड ढिला होता. तो 'टक्' इथलाच. मिस्त्रींनी सामान आणि मजुरीसह सात हजार सांगितले, क्लच सेटचे दहा. ऑइल, फिल्टर, ब्रेक साफ करणं, ती एसीची नळी धरून सर्व्हिसिंगचे साडेसहा. साडेतेवीस हजार झाले.

टायरांपाशी मात्र जरा थांबलो, कारण तिथं ताईंना फसवणं सगळ्यात सोपं होतं. चारही टायर काळेभोर चमकत होते. पॉलिशची चमक ती, वय तिच्याखाली असतं. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्हींवर ३३१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा तेहेतिसावा आठवडा. ते गाडीबरोबरच आलेले. नक्षी अजून दिसत होती, पण कडेच्या रबराला नखाएवढ्या भेगा होत्या. पुढच्यांवर ०८२२. हे त्या मानाने नवे, पण चाक पूर्ण वळवून आतली कड बघितली तर खाचांमधल्या उंचवट्याला रबर टेकलं होतं. तो उंचवटा १.६ मिलिमीटरचा असतो. तिथपर्यंत रबर झिजलं की टायर संपला. बाहेरची कड मात्र निम्मी शिल्लक होती. टायर एका बाजूने खाल्ला गेला, कारण बुश फाटल्यामुळे चाक तिरपं चालत होतं. म्हणून आधी सस्पेन्शन, मग टायर, मग अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर नवे टायरही वर्षात तसेच जातील.

"काका, स्टेपनी तर कोरीच आहे की. एक टायर वाचला नाही का?" ताईंनी विचारलं. स्टेपनीवरही ३३१७ होतं. एकदाही रस्त्याला न लागलेला, पण आठ वर्षं डिकीत उन्हाळे काढलेला टायर. पंक्चरला घरापर्यंत येण्याइतपत ठीक, रोजच्या पलूस-सांगलीला नाही. चार टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग मिळून साडेवीस हजार लिहिले.

दुपारी एक

आता कागद. मूळ आरसी हातात घेतली तर तिच्यावर अजून बँकेचं नाव. मालकांनी कर्ज २०२२ मध्येच फेडलंय आणि बँकेचा ना हरकत दाखलाही फाइलमध्ये आहे. तरी तो दाखला आरटीओत देऊन बोजा उतरवायचा राहिला. अशा दाखल्यांवर बहुतेकदा मुदत लिहिलेली असते आणि यावरची कधीच उलटून गेली होती. आता बँकेतून नवा दाखला आणि त्याच्याबरोबर नमुना ३५ लागेल. त्याशिवाय गाडी नावावर होणार नाही.

नाव बदलायची सरकारी फी छोट्या गाडीला ३०० रुपये, शिवाय आरसी कार्डाचे २०० आणि टपाल. एजंटाचे अडीच हजार. मिळून तीन हजार धरले. गाडी याच कार्यालयाची असल्यामुळे एवढ्यावर भागतं. हीच गाडी परराज्यातली असती तर तिथल्या आरटीओचा नमुना २८ मधला दाखला आणि वर इथला रस्ता कर भरावा लागला असता. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ असल्यामुळे स्वस्त दिसणाऱ्या गाडीच्या मोहात पडलेले बरेच जण मला भेटतात.

मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून ई-चलनं बघितली. दोन निघाली, अडीच हजारांची. आणि नव्या पद्धतीची उच्च सुरक्षा पाटी बसवलेली नव्हती. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते. चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी. चलन आणि पाटी ही दोन्ही मालकांची कामं. ती मी ताईंच्या हिशेबात धरली नाहीत, त्यांनी आधी करून द्यायची म्हणून वेगळ्या कागदावर लिहिली.

तीन

विम्यावर ताई निर्धास्त होत्या. "पाच महिने शिल्लक आहे म्हणाले ते." शिल्लक आहे, पण कुणाचा? थर्ड पार्टीचा भाग कायद्याने गाडीबरोबर जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग विमा कंपनीकडे १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. आरसी एकाच्या नावावर आणि विमा दुसऱ्याच्या, असं असताना गाडी ठोकली तर नुकसानीचा दावा तिथंच अडतो.

आणि मालकांच्या विम्यात ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो ताईंकडे येत नाही, उलट उरलेल्या काळापुरती ती सूट कंपनी परत मागते. मालकांनी सूट धरून नुकसानीच्या भागाचे अडीच हजार भरलेत, मूळ रक्कम पाच हजार. पाच महिन्यांचा फरक हजाराच्या थोडा वर, जीएसटी धरून साडेबाराशे. पाच महिन्यांनी नवा विमा घेताना थर्ड पार्टीचे ठरलेले ३,४१६ रुपये, नुकसानीचा भाग बोनसशिवाय, मालकाचा अपघात विमा आणि जीएसटी मिळून दहा हजार. मालकांना हाच विमा सव्वासात हजारांत पडला असता.

आणखी एक गोष्ट सांगितली. पाच ते दहा वर्षांच्या गाडीचा साधा विमा दावा मंजूर करताना पत्र्याच्या नव्या भागांवर ४० टक्के आणि प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा कापतो. बंपर गेला तर निम्मे पैसे आपलेच. हा आकडा आज लिहिता येत नाही, पण त्यासाठी दहा हजार बाजूला ठेवायला सांगितले.

साडेचार

कागदावर बेरीज केली. दुरुस्ती साडेतेवीस, टायर साडेवीस, नाव बदलणं तीन आणि विमा सव्वाअकरा हजार. झाले ५८,२५०. तीन साठची गाडी पहिल्या वर्षात ४,१८,२५० ला पडत होती. मग उलटा हिशेब केला. चार लाखांतून हा खर्च आणि राखीव दहा हजार वजा केले की उरतात ३,३१,७५०. ताईंना परवडणारी किंमत ती.

मालकांसमोर मात्र सगळी यादी ठेवायची नाही. विमा, नाव बदलणं आणि सर्व्हिसिंग कोणतीही गाडी घेतली तरी लागतंच, ते त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. बोलणं करायचं ते झिजलेल्या गोष्टींवर. क्लच, सस्पेन्शन, टायर, म्हणजे साडेसदतीस हजार. त्यातही आठ वर्षांच्या गाडीला कोरे टायर मागता येत नाहीत.

सहा

मालक समजूतदार निघाले. मिस्त्रींचा कागद आणि टायरचे फोटो दाखवल्यावर तीन पंचेचाळीसवर आले, चहा झाल्यावर तीन बत्तीसला थांबले. सगळं मिळून ३,९०,२५०, राखीव दहा हजारांना अडीचशे कमी. ताईंनी मान हलवली.

दहा हजारांचा विसार दिला आणि साध्या कागदावर अटी लिहिल्या. बँकेचा नवा दाखला, चलनं भरल्याची पावती आणि नवी पाटी झाली की बाकी रक्कम बँकेतून द्यायची. त्याच वेळी नमुना २९ च्या दोन प्रती आणि नमुना ३० वर सह्या. मालकांनाही त्यांच्या बाजूचं सांगितलं. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यायची, कारण आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निकाल दिला आहे. घेणाऱ्याला ३० दिवस असतात.

"काका, रविवारी तेवढी घेऊन जाऊ का? घरच्यांना दाखवते, सोमवारी परत लावते," ताई म्हणाल्या. मालकही किल्ली द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. बोजा बँकेचा, आरसी आणि विमा मालकांचा, आणि चालवणार त्या. घरच्यांनाच रविवारी विश्रामबागेत घेऊन या म्हणालो.