तीन आकडे, दोन उत्तरं: रिग्रेशनचं कोणतं मॉडेल घ्यायचं?

बेळगाव : एम.कॉम.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की ओळखीतली पोरं लॅपटॉप घेऊन घरी येतात. मी बी.कॉम. झालो तेव्हा आर-स्क्वेअर हा एकच आकडा माहीत होता, तोही कॅल्क्युलेटरवर काढलेला. आता सॉफ्टवेअर एका दमात तीन आकडे काढून देतं : ॲडजस्टेड आर-स्क्वेअर, एआयसी आणि बीआयसी. तिन्हींनी एकच मॉडेल निवडलं तर प्रश्नच नाही. पण परवा एकाकडे दोन आकडे एका बाजूला आणि तिसरा दुसऱ्या बाजूला. "काका, गाईडना काय सांगू?" हा त्याचा प्रश्न. त्याला जे उदाहरण करून दाखवलं तेच इथं देतोय.

आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये mtcars नावाची माहिती आधीच भरलेली असते. 'मोटर ट्रेंड' या अमेरिकन मासिकाच्या 1974 सालच्या अंकातली ही 32 मोटारींची माहिती. गाडी एका गॅलनमध्ये किती मैल जाते, हे आपल्याला समजून घ्यायचंय. पहिल्या मॉडेलमध्ये फक्त गाडीचं वजन घेतलं. दुसऱ्यात वजन आणि सिलिंडरची संख्या. तिसऱ्यात त्यात हॉर्सपॉवरची भर. चौथ्यात हाताशी असलेले दहाच्या दहा घटक कोंबले.

साधा आर-स्क्वेअर चौथ्या मॉडेलचा सगळ्यात जास्त, 0.869. तो असणारच. घटक वाढवला की साधा आर-स्क्वेअर कधी खाली येत नाही, मग तो घटक गाडीच्या रंगासारखा बिनकामाचा का असेना. म्हणून मॉडेल निवडायला तो चालत नाही. बाकीचे तिन्ही आकडे जादा घटकाबद्दल काहीतरी दंड लावतात. भांडण आहे ते दंड किती लावायचा यावर. ॲडजस्टेड आर-स्क्वेअर जितका मोठा तितका चांगला, एआयसी आणि बीआयसी मात्र जितके लहान तितके चांगले, एवढं ध्यानात ठेवा. इथं बरेच जण उलटं वाचतात.

दहा घटकांच्या मॉडेलला तिघेही नापास करतात, आणि नुसत्या वजनाचं मॉडेलही मागंच पडतं. खरी लढत दुसऱ्या आणि तिसऱ्यात. आरमध्ये ती अशी बघायची :

```r
m2 <- lm(mpg ~ wt + cyl, data = mtcars)
m3 <- lm(mpg ~ wt + cyl + hp, data = mtcars)
AIC(m2, m3)
BIC(m2, m3)
```

ॲडजस्टेड आर-स्क्वेअर 0.8185 वरून 0.8263 वर गेला, म्हणजे तो तिसऱ्याच्या बाजूनं. एआयसी 156.01 वरून 155.48 वर उतरला, तोही तिसऱ्याच्याच बाजूनं. बीआयसी मात्र 161.87 वरून 162.81 वर चढला. त्याचं म्हणणं, हॉर्सपॉवर नको, दुसरंच ठेवा.

आता कॉमर्सवाल्यांच्या भाषेत हिशेब मांडू. एआयसी आणि बीआयसी या दोन्हींमध्ये एक भाग सारखाच असतो : मॉडेल माहितीशी किती जुळत नाही याचा आकडा. दुसऱ्या मॉडेलचा तो 148.01, तिसऱ्याचा 145.48. म्हणजे हॉर्सपॉवर घेतल्यानं 2.53 ची कमाई झाली. एआयसी प्रत्येक जादा घटकाला 2 खर्च लावतो, म्हणून 0.53 नफा. बीआयसीचा खर्च निरीक्षणांच्या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिदमइतका. 32 गाड्यांसाठी तो 3.47 येतो. 2.53 कमावले आणि 3.47 घातले, तोटा 0.94. कमाई तीच, फक्त दर वेगळा. ॲडजस्टेड आर-स्क्वेअरचा दर सगळ्यात स्वस्त. नव्या घटकाची टी-व्हॅल्यू, चिन्ह सोडून, 1 च्या वर गेली की तो वाढतो. इथं हॉर्सपॉवरची टी-व्हॅल्यू 1.52 आहे. विद्यार्थी जी 2 ची मर्यादा पाठ करतात तिच्यापेक्षा ही बरीच खाली, तरी ॲडजस्टेड आर-स्क्वेअर खूश. म्हणून अहवालात तो जरूर लिहा, पण निवड त्याच्यावर सोपवू नका, असं माझं मत.

माहिती वाढली की एआयसीचा दर 2 च राहतो, बीआयसीचा चढत जातो. हजार निरीक्षणांना तो 6.91 होतो. ही काही चूक नव्हे, दोघांचे हेतूच वेगळे. जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु आकाइके यांनी 1974 च्या निबंधात मांडलेला एआयसी विचारतो की, नव्या माहितीवर कोणतं मॉडेल चांगला अंदाज देईल? त्यासाठी एखादा किरकोळ घटक जास्त ठेवायला त्याची हरकत नसते. गिडियन श्वार्झ यांनी 1978 साली मांडलेला बीआयसी विचारतो की, या मॉडेलांपैकी खरं असण्याचा संभव कोणाचा जास्त? खरं मॉडेल यादीत असेल, तर माहिती वाढत गेल्यावर बीआयसी त्याच्यापाशी पोचतो. यादीतच नसेल तर हा फायदा बराचसा कागदावरच राहतो. तेव्हा गाईडना सांगायचं ते हे : पुढच्या वर्षीच्या विक्रीचा अंदाज बांधायचा असेल तर एआयसी, आणि कोणते मोजके घटक खरोखर परिणाम करतात हे दाखवायचं असेल तर बीआयसी. आणि हे आकडे काढायच्या आधी ठरवायचं. निकाल बघून मग निकष निवडला तर ती लबाडीच.

आमच्या उदाहरणात अजून एक गंमत आहे. निरीक्षणं कमी असली की एआयसी जरा सैल वागतो, म्हणून त्याला एक दुरुस्ती लावतात. तिला एआयसीसी म्हणतात. निरीक्षणांची संख्या मॉडेलमधल्या आकड्यांच्या चाळीस पटीपेक्षा कमी असेल तर ती वापरावी, असा प्रघात आहे. आपल्याकडं 32 गाड्या आणि तिसऱ्या मॉडेलमध्ये मोजायचे आकडे पाच (तीन सहगुणक, एक स्थिरांक, एक त्रुटीचं विचरण). चाळीस पट सोडाच, सात पटही नाही. दुरुस्ती लावल्यावर दुसऱ्याचा आकडा 157.49 आणि तिसऱ्याचा 157.78. एआयसीनंही पक्ष बदलला!

पण फरक तरी केवढा? तीन दशांशांचा. असा फरक दोनच्या आत असेल तर दोन्ही मॉडेलं जवळपास सारखीच समजावीत. मी त्या मुलाला म्हटलं, दोन्ही मॉडेलं अहवालात दे, वजनाचा सहगुणक दोन्हींत किती बदलतो ते दाखव, आणि एवढ्या माहितीवर हॉर्सपॉवरचा निकाल लागत नाही असं सरळ लिही. त्याला ते फारसं आवडलं नाही. पोरांना एकच विजेता हवा असतो.

शेवटी, जिथं हमखास घोळ होतो त्या जागा. एका मॉडेलमध्ये विक्री आणि दुसऱ्यात विक्रीचा लॉग घेतला असेल, तर त्यांचे एआयसी थेट ताडून बघता येत नाहीत, मोजपट्टीच बदललेली असते. आरमधली step() ही आज्ञा एआयसी म्हणून जो आकडा छापते तो AIC() पेक्षा वेगळा असतो. आपल्या तिसऱ्या मॉडेलला ती 62.66 दाखवते. त्यातून एक स्थिर भाग वगळलेला असतो, म्हणून एकाच आज्ञेचे आकडे आपापसात ताडा, सरमिसळ नको. आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे रिकाम्या पेशी. नव्या घटकाच्या रकान्यात चार नोंदी नसल्या तर सॉफ्टवेअर त्या चार ओळी गुपचूप गाळतं, आणि कमी ओळींवरचा एआयसी आपोआप लहान दिसू शकतो. दोन्ही मॉडेलांना nobs() लावून बघा. आकडा सारखा आला नाही तर रिकाम्या ओळी आधीच काढा आणि सगळी मॉडेलं पुन्हा चालवा.