चहाआधीची गोळी

थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. चहाविना ज्यांची सकाळच होत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून ती रात्री जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब हवी. दोन्ही जवळ आल्या, तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही आणि डोस बरोबर असूनही टीएसएच चढा राहतो.

मधुमेह असेल, तर खरी गफलत एकादशीला होते. ग्लिमेपिराइड सवयीने सकाळीच पोटात जाते, साबुदाण्याची खिचडी मात्र दुपारी. मधेच हात थरथरले, दरदरून घाम आला, तर साखर उतरलेली असू शकते. उपवास राहू द्यावा, लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. उपवासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा.