गुलाबी तळं आणि रिलीज नोट्स

युनिटीत गेम बनवणाऱ्याने पाण्याचा शेडर पॅक विकत घेतला, दृश्यात टाकला, आणि तळं भडक गुलाबी दिसलं. वस्तूवर प्रकाश कसा पडावा हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. तो चालत नसेल तर युनिटी हा रंग दाखवतं. बहुतेक वेळा कारण रेंडर पाइपलाइनचं असतं. युनिटीत बिल्ट-इन, यूआरपी आणि एचडीआरपी अशा तीन पाइपलाइन आहेत, आणि बिल्ट-इनसाठी लिहिलेला ‘सरफेस शेडर’ यूआरपीत चालतच नाही. म्हणून रिलीज नोट्समध्ये आधी पाइपलाइनची यादी वाचावी.

मर्यादांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. यूआरपीत काठावरचा फेस पाण्याची खोली मोजून काढला जातो. त्यासाठी सेटिंग्जमध्ये `Depth Texture` सुरू लागतं. पाण्याखालचं हलतं चित्र `Opaque Texture` मधून येतं. ही प्रत पारदर्शक वस्तू रंगवण्याआधीच घेतली जाते, त्यामुळे पाण्यात बुडालेली काचेची बाटली त्या चित्रात नसते. हा पॅकमधला बिघड नव्हे, आणि चांगला लेखक ते आधीच लिहून ठेवतो.

नवी आवृत्ती घेताना प्रोजेक्टची प्रत काढा, मग पॅकचं जुनं फोल्डर पुसून नवं आयात करा. नुसतं वरून आयात केलं तर रद्द झालेल्या फाइली तशाच उरतात आणि नव्यांशी भांडतात. मात्र स्वतः जुळवलेली मटेरियल त्या फोल्डरबाहेर हलवल्याशिवाय पुसू नका.