मोकळं मत हवं असेल, तर विचारायचं कसं?

‘सर, माझं लिंक्डइन प्रोफाइल बघून सांगा ना, कसं वाटतंय?’ असा मेसेज गेला की उत्तर बहुधा ‘छान आहे’ असंच येतं. समोरच्या माणसाला दोष देता येणार नाही. ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला भिडस्त माणूस दुसरं काय म्हणणार?

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर असलेली मुलगी नोकरी बदलू पाहतेय. प्रोफाइल दाखवायला तिने जिवलग मैत्रीण निवडू नये आणि सध्याच्या ऑफिसातलं कोणी तर नकोच, कारण बातमी फुटते. आधीच्या कंपनीतले वरिष्ठ योग्य. त्यांनी तिचं काम जवळून पाहिलंय आणि माणसं निवडताना असे शेकडो मजकूर वाचलेत. मसुदाही आधी वेगळ्या फाइलमध्ये पाठवावा, कारण लिंक्डइनवर बदल सेव्ह केला की तो लोकांना दिसू लागतो.

मेसेज असा लिहिता येईल:

‘सर, नमस्कार. मी नोकरी बदलायचा विचार करतेय; हे सध्या आपल्यातच राहू द्या. प्रोफाइलची हेडलाइन आणि ‘अबाउट’चा मसुदा सोबत जोडलाय. वाचायला दहा मिनिटं पुरतील. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या तीन ओळी वाचून मी नेमकं कोणतं काम करते असं तुम्हाला वाटलं? आणि आपण एकत्र काम केलंय, त्यावरून यातलं कोणतं वाक्य तुम्हाला पटत नाही? रविवारपर्यंत जमलं तर बरं होईल. वेळ नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा.’

पहिला प्रश्न तीन ओळींचा का? ‘अबाउट’मध्ये २,६०० अक्षरं मावतात, पण उघडल्यावर सुरुवातीच्या मोजक्याच ओळी दिसतात, बाकीचा मजकूर उलगडल्याशिवाय समोर येत नाही. सरांनी ‘तू प्रॉडक्शन बघतेस ना?’ असं विचारलं, तर तिथेच कळतं की ओळी चुकल्यात.

खरा कस दुसऱ्या प्रश्नाचा आहे. ‘काय आवडलं नाही’ असं विचारलं तर माणूस संकोचतो. ‘कोणतं वाक्य पटत नाही’ असं विचारलं की बोट वाक्यावर जातं, माणसावर नाही. मसुद्यात ‘रिजेक्शन निम्म्यावर आणलं’ असं असेल, तर सर लिहितील, ‘ते सगळ्या टीमचं काम होतं. तू तपासणीचं गेज बदलायला लावलंस, ते लिही. आणि ग्राहक कंपनीचं नाव काढ, ते गोपनीय आहे.’ मुलाखतीत ‘हे तुम्ही एकट्यानं केलंत का?’ हा प्रश्न येणारच होता. तो घरच्या माणसाकडून आधीच आला.

एवढं करूनही ‘छान आहे’ आलंच, तर एकदाच विचारावं, ‘एक वाक्य काढायचं झालं तर कोणतं काढाल?’ आणि उत्तर आल्यावर आपली बाजू मांडत बसू नये. ‘नाही सर, पण तेव्हा असं होतं…’ असं सुरू झालं की पुढच्या खेपेला ते ‘छान आहे’वरच थांबतात.