एकाच बांधाच्या दोन रेघा

समजा गट 112 आणि 113 यांच्यामध्ये 120 मीटरचा एक सरळ बांध आहे. कागदी गाव नकाशावर त्याची रेघ एकच. पण संगणकावर नकाशा उतरवताना प्रत्येक गट ही स्वतंत्र बंद आकृती असते, त्यामुळे तोच बांध दोनदा गिरवला जातो, एकदा 112 साठी आणि एकदा 113 साठी. दुसऱ्या वेळी हात थोडा हलला. पहिल्या 60 मीटरमध्ये 113 ची रेघ 112 च्या हद्दीत शिरली, पुढच्या 60 मीटरमध्ये मागे सरकली. सर्वांत जास्त फरक 3 मीटरचा. 1:10,000 च्या नकाशावर तो 0.3 मिलिमीटर भरतो, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेइतका.

त्यातून दोन चिंचोळे त्रिकोण तयार होतात. एक दोघांच्याही मालकीचा, दुसरा कुणाचाच नाही. प्रत्येकी 90 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला थोडं कमी. गंमत अशी, की 113 चं क्षेत्र 90 ने वाढलं आणि 90 नेच घटलं, म्हणून सातबाऱ्याशी ते तंतोतंत जुळतं. गावाची बेरीजही जुळते. नुसता क्षेत्राचा ताळा करणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

ती दिसते टोपोलॉजी तपासणीत, कारण तिथे क्षेत्र नव्हे तर शेजार तपासला जातो. क्यूजीआयएसमध्ये `Topology Checker` उघडून गटांच्या थराला `must not overlap` आणि `must not have gaps` हे दोन नियम लावले, की दोन्ही त्रिकोण यादीत येतात. नोंदीवर क्लिक केलं की नकाशा थेट त्या जागी जातो.

आता दुरुस्ती. ठरावीक अंतराच्या आतले बिंदू आपोआप एकमेकांना चिकटवायची सोय असते आणि यादी लांबलचक असली की तिचा मोह होतोच. पण आपली चूक 3 मीटरची आहे, आणि शेजारची पाणंदही जेमतेम 3 मीटरची. चूक मिटेल एवढं अंतर दिलं तर पाणंदही मिटेल! संगणकाला दोन्ही सारख्याच फटी. म्हणून आधी अर्ध्या मीटरसारखं छोटं अंतर देऊन किरकोळ फटी बुजवाव्यात, उरलेल्या हातानं.

हातानं म्हणजे स्कॅन केलेला मूळ नकाशा खाली ठेवून. दोन रेघांपैकी शाईवर कोणती बसते ते पाहायचं, `Snapping` चालू करून दुसरीचे भरकटलेले बिंदू तिच्यावर आणायचे. `Topological Editing` चालू असेल तर सामाईक बिंदू पुढे कधी हलवला तरी दोन्ही गट बरोबर हलतात. तिठ्यावर मात्र जपावं. 113 आणि 114 चा बांध जिथे 112 ला टेकतो, तिथे 112 च्या रेघेवरही बिंदू हवा. तो नसेल तर कोपरा जरा सरकताच नवी फट पडते. म्हणून तपासणी पुन्हा पूर्ण गावावर चालवायची.

तरीही यादीत काही फटी उरतात. स्कॅनवर तिथे पाणंद किंवा ओढा असेल, तर त्या तशाच सोडायच्या.